दुर्गाबाईंची पांढरी पट्टी

दुर्गाबाई नेरूरकर मेंदू नेहमी उलटा टांगायच्या. बादलीत तसाच सोडला की तळाला टेकतो आणि खालून चपटा होतो. म्हणून मेंदूच्या बुडाला जी मोठी रक्तवाहिनी असते तिच्याखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची दोन टोकं बादलीच्या कडेला बांधायची आणि मेंदू फॉर्मॅलिनमध्ये तरंगत ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांनी तो खरवसासारखा घट्ट होतो. मग कापायचा.

परळच्या ज्या मेडिकल कॉलेजात आम्ही दोघी होतो त्याचं नाव मी लिहीत नाही. मी शरीररचना विभागात टेक्निशियन, काचपट्ट्या करणारी. दुर्गाबाई डिसेक्शन हॉलच्या अटेंडंट. त्यांचे यजमान धोंडू नेरूरकर त्याच हॉलमध्ये होते. ते गेले तेव्हा त्यांच्या जागी दुर्गाबाईंना घेतलं. वय तीस, पदरात चार वर्षांचा हितेंद्र, शिक्षण मालवणकडच्या शाळेत सातवी. पहिल्या दिवशी त्यांना कोणीतरी म्हणालं, बाई, तुम्हाला इथे जमायचं नाही, तुम्ही कचेरीत पाणी द्या. दुर्गाबाईंनी विचारलं की माझ्या नवऱ्याला जमत होतं ना. पुढे अठ्ठावीस वर्षं त्यांनी पाणी दिलं नाही.

कापायचं काम खरं तर डॉक्टरांचं. पण वर्षानुवर्षं मेंदूचे काप दुर्गाबाईच करायच्या, कारण तसे काप दुसऱ्या कोणाला यायचे नाहीत. लांब पातळ सुरी, पाण्यात बुडवलेली, आणि एकदाच ओढायची. करवतीसारखी मागेपुढे केली की कापावर रेघा उठतात आणि मग करडं कुठे संपलं, पांढरं कुठे सुरू झालं ते दिसत नाही. नव्या खेपेचा पहिला मेंदू कापण्याआधी त्या सुरी बाजूला ठेवून हात जोडायच्या. मोठ्याने काही म्हणत नसत. मी पण शेजारी उभी राहून मनात नाव घ्यायचे. ज्याचा देह आहे त्याचं नाव आम्हाला ठाऊक नसतं, म्हणून देवाचं.

करडं आणि पांढरं हे आमचे शब्द. आमच्या शाळेच्या पुस्तकात करडे द्रव्य आणि पांढरे द्रव्य असंच होतं. डॉक्टर लोक ग्रे मॅटर, व्हाइट मॅटर म्हणतात. पहिल्या वर्षाची मुलं काप हातात घेऊन गोंधळायची. सर येऊन इंग्रजीत समजावून जायचे, मुलं माना डोलवायची आणि सर गेले की दुर्गाबाईंकडे यायची. मावशी, परत सांगा ना.

दुर्गाबाई त्यांना चाळ सांगायच्या. लालबागला त्यांची खोली होती ती चौकाची चाळ. चारी बाजूंनी खोल्या आणि मधे मोकळा चौक. "ही भायरची करडी साल दिसते ना, घड्या घातलेली? त्या खोल्या. माणसं तिथे राहतात. हिशेब तिथे, भांडण तिथे, आठवण तिथे. आणि आतलं हे पांढरं म्हणजे चौकात बांधलेल्या दोऱ्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, वरच्या मजल्यावरून खाली गेटापर्यंत. दोरी विचार करत नाय. दोरी निरोप नेते." मग कापाच्या मधोमध असलेले करडे गोळे दाखवायच्या. ह्या चौकातल्या टपऱ्या, म्हणायच्या, इथेपण माणसं बसलेली आहेत, निरोप अडवतात, पुढे पाठवतात. आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा काप दाखवून म्हणायच्या की इथे उलटं, इथे खोल्या मधे आणि दोऱ्या भायर, परीक्षेत इथेच फसता तुम्ही.

हे सगळं बरोबर होतं. करड्या भागात पेशींची मूळ शरीरं असतात आणि एका पेशीचा दुसरीशी संवाद होतो तो मुख्यतः तिथे. पांढरा भाग म्हणजे त्या पेशींचे लांब तंतू, आणि त्यांच्यावर चरबीचं वेष्टण. त्या चरबीमुळेच तो रंग, तिच्यामुळेच निरोप वेगाने जातो. सूक्ष्मदर्शकातून ते मी मुलांना दाखवायचे. पण मुलांच्या वह्यांत मी चाळीचं चित्र पाहिलेलं आहे, माझ्या काचपट्टीचं नाही.

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. त्या सकाळी मुलं यायची होती, सहा मेंदू टेबलावर मांडलेले. मी पलीकडे बाटल्यांना लेबलं लावत होते. सुरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. दुर्गाबाईंच्या हातून सुरी पडली असं मी कधी पाहिलं नव्हतं. वळले तर त्या डाव्या हाताने टेबल धरून उभ्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. त्यांनी मला काहीतरी सांगितलं. जीभ जड, शब्द ओल्या कापडासारखे. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा कळलं. "डावीकडे गेलं." हात उजवा पडला म्हणजे मेंदूची डावी बाजू. हे त्या मला सांगत होत्या.

हॉल आणि इस्पितळाच्या मधे एक गल्ली. प्रेतं आणायची ट्रॉली होती, तिच्यावरूनच आम्ही त्यांना नेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं, तरी उजवी बाजू राहिली. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी हितेंद्रला पडद्यावर दाखवलं. सगळा मेंदू करडा-काळपट आणि त्यात डावीकडे खोल एक पांढराशुभ्र ठिपका, हरभऱ्याएवढा. डॉक्टर म्हणाले की इन्फार्क्ट आहे, व्हाइट मॅटरमध्ये. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेली जागा. हितेंद्र कुरिअरच्या ऑफिसात सुपरवायझर, दिवसभर फोनवर, त्याला मॅटर म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. काय मॅटर आहे, मॅटर वाढला, मॅटर क्लोज झाला. त्याने पांढरा ठिपका पाहिला, व्हाइट मॅटर ऐकलं आणि दोन्ही जोडलं. बाहेर येऊन चाळीत फोन लावला. मी शेजारीच होते.

"आईच्या डोक्यात व्हाइट मॅटर सापडलं रे. हो. आतपर्यंत गेलंय."

खाटेवरून दुर्गाबाई काहीतरी बोलल्या. त्याला समजलं नाही. तो म्हणाला, आई, बोलू नकोस, आराम कर. त्या परत तेच बोलल्या. मला शब्द लागले आणि अशा वेळी हसू नये ते कळत असून मी हसले. त्या म्हणत होत्या, "व्हाइट मॅटर सगळ्यांच्याच डोक्यात असतं. तुझ्यापण."

हितेंद्र वाईट मुलगा नाही, हे मी मुद्दाम लिहिते. आईला उचलून बाथरूमला नेणारा, तिला भरवणारा मुलगा आहे. पण आई बोलते ते कळेना, तेव्हा तो धरून चालला की आईला कळत नाही. तो तिच्याशी मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागला. मग सून, अक्षदा, तशी बोलू लागली. शेजारच्या राधाबाई खोलीत येऊन दुर्गाबाईंच्या समोर अक्षदाला विचारायच्या, आज ओळखतात का माणसं? दुर्गाबाई डोळे मिटून घ्यायच्या. राधाबाई म्हणायच्या, बघ, नाही ओळखत.

दोन महिन्यांनी, पाय थोडा टेकू लागल्यावर, कामावर परत घ्यायचं की नाही ते ठरवायला तपासणी लावली. पहिली तपासणी एका नव्या डॉक्टरने केली. डॉ. श्रेया, दुसऱ्या शहरातून शिकून आलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कामाच्या ओझ्याखाली वाकलेली. तीस मार्कांचा स्मरणशक्तीचा पेपर असतो. हितेंद्र बरोबर होता. मी नव्हते. महिन्याभराने निकालाची प्रत विभागात आली, तेव्हा ती माझ्याच हातात पडली. तीसपैकी अकरा. खाली मराठीत टाइप केलेलं: मेंदूविकारामुळे बौद्धिक क्षमता नष्ट, सेवेस कायमस्वरूपी अपात्र.

मी ती प्रत पिशवीत घालून लालबागला गेले. दुर्गाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, डाव्या हाताने शेंगा सोलत. विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, घरी बसवलंय तुम्हाला, आराम करा म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विभागात मी एकदा बाटलीवर चुकीचं लेबल लावलं होतं तेव्हा पाहिलं होतं तसंच.

"वाच," म्हणाल्या. "आहे तसं."

मी वाचलं. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग एकेक शब्द वेगळा करून, मला नीट लागेल असा, बोलल्या. "हात गेला असं लिहा म्हणावं. पाय गेला लिहा. सुरी धरता येत नाय, घरी बसवा, बसते. डोकं गेलं असं लिवू देणार नाय."

हितेंद्र आला तेव्हा मी विषय काढला. त्याला कळेना की भांडायचं कशासाठी. नाही तरी वर्षच उरलंय, पेन्शन सुरू होईल, आई आता नुसती बसेल, तिने काय कमी केलं का. कागदावर काय शब्द आहे ते कोण वाचायला जाणार आहे. "सोड ना, आई. मॅटर क्लोज कर," तो म्हणाला, प्रेमानेच.

दुर्गाबाईंनी वाटीतल्या शेंगा बाजूला ठेवल्या. "मी वाचणार," म्हणाल्या.

फेरतपासणीचा अर्ज मी लिहिला, त्यांनी सांगितला. मी मधे मधे नम्र शब्द घालत होते, विनंती, कृपया. त्या ते खोडायला लावत होत्या. एक कृपया मी ठेवलाच. शेवटी सहीचं आलं. हितेंद्रने शाईचा पॅड काढून ठेवला होता. दुर्गाबाईंनी तो झाकला आणि बाजूला सारला. अंगठा द्यायला मी काय निरक्षर आहे का, असं म्हणाल्या. मग आठ दिवस अर्ज थांबला. अक्षदाच्या मुलीची, आरोहीची, दुरेघी वही घेऊन त्या डाव्या हाताने नाव गिरवत होत्या. आरोही पहिलीत. तीच सांगायची, आजी, तुझा दु रेघेच्या बाहेर गेला. नवव्या दिवशी अर्जाखाली सही झाली. वाकडी होती, पण दु पासून र पर्यंत पूर्ण होती.

त्या आठ दिवसांत मी पेपरात नक्की काय झालं ते त्यांच्याकडून काढून घेतलं. आज कोणता वार? मंगळवार, बरोबर. तारीख? दुर्गाबाईंचा उपवास होता त्या दिवशी, अंगारकी होती. त्यांनी सांगितलं, वद्य चतुर्थी. चूक. आपण कोणत्या भागात आहोत? गिरणगाव. चूक, कागदावर परळ हवं होतं. घड्याळ काढा. पेन उजव्या हातात दिलं, ते गळून पडलं. शून्य. वाक्य लिहा. शून्य. शंभरातून सात वजा करत जा. ते मी बरोबर केलं, दुर्गाबाई म्हणाल्या. पण तिथेही शून्यच होतं, आणि ते का, हे आम्हाला दोघींनाही कळेना.

फेरतपासणीसाठी मेडिकल बोर्ड बसलं त्या दिवशी मी देवाला दोन फुलं जास्त वाहिली आणि मग विभागाच्या म्युझियममधला एक डबा मागून घेतला. आमच्या विभागप्रमुखांनी चिठ्ठीवर सही केली, कशाला ते विचारलं नाही. काचेचा पारदर्शक डबा, सीलबंद, त्यात मेंदूचा आडवा काप. चौदा वर्षांपूर्वी दुर्गाबाईंनीच कापलेला. कापडी पिशवीत घालून मी तो मांडीवर धरून बसले. हितेंद्रने आईची चाकाची खुर्ची लोटली. त्याला वाटत होतं आई तिथे बोलणार, कोणाला कळणार नाही, आणि लोक आईकडे कसे बघतील.

टेबलामागे तिघे. मधे डॉ. हेरंब चित्रे, मेडिसिनचे मोठे डॉक्टर. एका बाजूला कचेरीचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला फाइल घेऊन डॉ. श्रेया. चित्रे डॉक्टर पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याच हॉलमधून गेलेले. त्यांनी दुर्गाबाईंना ओळखलं आणि उठून जवळ आले. वाकून, जोरात, एकेक शब्द लांबवत म्हणाले की मावशी, आता घरी आराम करायचा, हं.

दुर्गाबाई म्हणाल्या, "हळू बोला. कान ठीक आहेत."

त्यांना पहिल्यांदा समजलं नाही. मी सांगू लागले तर दुर्गाबाईंनी डावा हात वर करून मला थांबवलं आणि स्वतः परत म्हणाल्या. या वेळी डॉक्टरांना कळलं. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

अधिकाऱ्यांनी फाइल वाचली. मेंदूत इजा आहे, एमआरआयमध्ये दिसते, बौद्धिक चाचणी अकरा, दोन्ही जुळतं, यात फेरतपासणीचं कारण काय. दुर्गाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. अधिकारी खुर्ची मागे सरकवून बसले.

दुर्गाबाईंनी डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. कापाच्या आत दोन करडे भाग दिसतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. त्यांच्या मधून एक पांढरी पट्टी जाते, कोपरात वाकलेल्या हातासारखी. बोट त्या पट्टीच्या मागच्या अर्ध्यावर होतं.

"बोला, डॉक्टर. हे काय?"

मी त्या खोलीत होते म्हणून सांगते. हा प्रश्न त्यांनी अठ्ठावीस वर्षं तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना विचारला होता, ह्याच आवाजात. जीभ जड होती, आवाज तोच होता. चित्रे डॉक्टर सरळ बसले.

"इंटर्नल कॅप्सूल. पोस्टिरिअर लिंब."

"करडं का पांढरं?"

"पांढरं."

"इथे काय बसतं? विचार? आठवण?"

"नाही. इथून तंतू जातात. वरच्या करड्या भागातून खाली. हात, पाय, चेहरा हलवायचे निरोप."

"माझा ठिपका खय आहे?"

चित्रे डॉक्टरांनी डॉ. श्रेयाकडून एमआरआयची फिल्म घेतली, खिडकीकडे धरली. बराच वेळ पाहिली. मग फिल्म खाली ठेवून त्यांनी आपलं बोट काचेवर दुर्गाबाईंच्या बोटाशेजारी ठेवलं. "इथेच," म्हणाले.

"आणि करडं?"

"वरचं करडं चांगलं आहे."

"मग खोल्या शाबूत आहेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "गेटाकडे जाणारी दोरी तुटली. हात हलत नाय, जीभ वळत नाय. माणसं घरातच आहेत, डॉक्टर. आणि तुम्ही लिवलंत घर रिकामं."

इथे ते संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण चित्रे डॉक्टर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले की मावशी, पट्टीचं तुमचं बरोबर आहे, पण पांढऱ्याला इजा झाली की बुद्धीला काहीच होत नाही असं म्हणता येत नाही. दोऱ्या बऱ्याच ठिकाणी तुटल्या तर खोल्यांचा एकमेकींशी संबंध राहत नाही, माणूस मंदावतो, विसरतो. तुमचा ठिपका एक आहे हे खरं, पण कागदावर अकरा आहेत. अकराचं काय करू?

दुर्गाबाईंनी मान हलवली. म्हणजे हे त्यांना पटलं होतं. त्यांनी डॉ. श्रेयाकडे पाहिलं. "शंभरातून सात जाऊन मी काय काय बोलले ते आहे लिवलेलं?"

श्रेयाने पेपर उघडला. ती म्हणाली की त्या बोलल्या ते तिने ऐकू आलं तसं लिहून ठेवलं होतं, उत्तरं चुकली होती. पहिलं उत्तर बरोबर असावं, तिला खात्री वाटली नाही. त्यानंतरचं सगळं चूक.

"तिसरं काय?"

श्रेयाने वाचलं, "एकोणऐंशी."

"आकड्यात लिवा."

श्रेयाने पेन घेतलं, जरा थांबली आणि कागदाच्या कडेला लिहिलं. मला उलटं दिसत होतं. ८९.

अधिकारी मराठी शाळेतले असावेत. ते मान वळवून कागदाकडे बघत राहिले. चित्रे डॉक्टरांनी ओठ हलवले, ऐंशी, त्यात एक कमी. "एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी-नाइन, श्रेया," ते हळू म्हणाले. आणि मग, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, ते म्हणाले, "मलाही मोजावं लागलं."

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. पाचही बरोबर होती. पाचांचे पाच मार्क श्रेयाला मराठी आकडे येत नसल्यामुळे गेले होते. पोरीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता दुर्गाबाई तिला सोडणार नाहीत. पण त्या एवढंच म्हणाल्या, "शिकशील. पोरं शिकतात." आणि मग चित्रे डॉक्टरांना, "आता परत घ्या पेपर. आता, इथेच. हीच घेऊ दे."

श्रेयानेच घेतला. या वेळी ती घाई करत नव्हती. शब्द लागला नाही तर परत विचारत होती, आकडे दुर्गाबाईंकडून बोटांनीही करून घेत होती. पेन डाव्या हातात दिलं. घड्याळाचं वर्तुळ बटाट्यासारखं आलं, पण बारा वर, सहा खाली, काटे सांगितल्याप्रमाणे अकरा वाजून दहा मिनिटांवर. वाक्य लिहायला सांगितलं तर दुर्गाबाईंनी इतका वेळ लावला की अधिकारी घड्याळ बघू लागले. श्रेयाने कागद फिरवून वाचला. "मी घरात आहे" असं लिहिलं होतं. तारीख विचारली तेव्हा दुर्गाबाईंनी इंग्रजी तारीख सांगितली आणि वर म्हणाल्या, "आणि एकादशी. ते मार्कात धरू नका."

सत्तावीस आले. एक मार्क तीन शब्दांतला एक विसरल्याचा, दोन कागदाची घडी घालण्याचे, जी एका हाताने जमेना. दुर्गाबाईंनी ते तीन मागितले नाहीत.

जुना शेरा खोडून नवा लिहायला अधिकारी तयार नव्हते. ते म्हणाले की खाली पुरवणी जोडू. दुर्गाबाई म्हणाल्या, खोडा. अधिकारी म्हणाले, फाइलमध्ये खोडाखोड चालत नाही. दुर्गाबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. हितेंद्रला वाटलं झालं, तो खुर्ची फिरवू लागला, तर त्यांनी डाव्या हाताने चाकाचा ब्रेक ओढला.

"चुकीचं लेबल बाटलीवर लागलं तर मी ते खरवडून काढते," त्या म्हणाल्या. "वरून दुसरं चिकटवत नाय."

तेव्हा हितेंद्र पहिल्यांदा बोलला. तीन महिने तो आईच्या वतीने बोलत होता, आज आईच्या बाजूने बोलला. "साहेब, ती काय बोलली ते कळलं ना तुम्हाला? मला कळलं. आम्ही इथे बसतो."

चित्रे डॉक्टरांनी फाइल ओढून घेतली, त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, रेघेशेजारी सही आणि तारीख घातली आणि खाली लिहिलं: मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यातील इजेमुळे उजव्या बाजूस अशक्तपणा व उच्चारात दोष, बुद्धी अबाधित, बैठे काम करण्यास योग्य. दुर्गाबाईंनी कागद आपल्याकडे फिरवून मागितला आणि शेवटपर्यंत वाचला. द्रव्यातल्या द च्या खालचा र द्यायचा राहून गेला होता, तो दाखवला. मग डाव्या हाताने सही केली.

बाहेर गल्लीत आल्यावर हितेंद्र खुर्चीसमोर उकिडवा बसला. आईला नीट दिसावा म्हणून. "मॅटर क्लोज?" म्हणाला.

"व्हाइट मॅटर," दुर्गाबाई म्हणाल्या. "क्लोज नाय. दुरुस्तीला काढलंय."

त्या सोमवारपासून कामावर आल्या. बैठं काम म्हणजे रजिस्टर, असं कचेरीने ठरवलं होतं. त्या रजिस्टर घेऊन हॉलमध्येच बसल्या. फिजिओथेरपीची मुलगी रोज दुपारी येऊन उजव्या हाताला वळण लावते, दोन बोटं हलायला लागली आहेत. डॉक्टर म्हणतात की तुटलेला तंतू सांधत नाही, पण शेजारच्या वाटांनी निरोप जायला शिकतो, रोज केलं तर. त्या रोज करतात. राधाबाई मधे एकदा खोलीत येऊन अक्षदाला विचारू लागल्या, ओळखतात का, तर दुर्गाबाईंनी त्यांचं संपूर्ण नाव, गाव आणि त्यांनी नेऊन परत न केलेला खलबत्ता, तिन्ही सांगितलं.

नव्या खेपेचे मेंदू तयार झाले तेव्हा सुरी माझ्या हातात आली. मी इतकी वर्षं काचपट्ट्या केल्या, पण अख्खा मेंदू कधी कापला नव्हता. मी म्हटलं, मला नाही जमायचं, दुर्गाबाई, सरांना सांगू. त्यांनी मला पहिल्या दिवशीच्या त्या पाण्याच्या गोष्टीची आठवण करून दिली नाही. पण माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला ती आठवलीच.

मी सुरी पाण्यात बुडवली, बाजूला ठेवली, हात जोडले. शेजारी दुर्गाबाईंनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, छातीशी आणला आणि त्याच्या तळव्याला डावा तळवा लावला. मी मदतीला हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाल्या. दोन्ही तळवे जुळेपर्यंत वेळ गेला. मुलं दाराशी थांबली होती, ती थांबू दिली.

"हां, आता काप," त्या म्हणाल्या. "एकदाच ओढ. करवत नको चालवू."